गणपतीची सजावट पुढच्या वर्षापर्यंत टिकवायची कशी? (माळा, जरीचे पडदे, गौरींचे मुखवटे)

डोंबिवलीची सून

काल विसर्जन झालं. मखर उतरवलंय, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि सासूबाईंचं म्हणणं की रविवारपर्यंत सगळं माळ्यावर गेलं पाहिजे. त्याआधी इथल्या जाणकारांना विचारते, कारण यंदा पेट्या उघडल्या तेव्हा जीव खट्टू झाला.

एलईडीच्या सहा माळांपैकी दोन अर्ध्याच लागत होत्या. मागच्या पडद्याचा जरीचा काठ घड्यांवर काळवंडला होता, आणि जिथे रबरबँड लावला होता तिथे तर सरळ काळा पट्टा. गौरींचे पितळी मुखवटे हनुवटीखाली हिरवे. इलेक्ट्रिक पणत्यांतून पांढरं पीठ बाहेर आलेलं. बरं, सामान काही उघड्यावर नव्हतं. चांगल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या, वर डांबराच्या गोळ्या. घर पहिल्या मजल्यावर, माळा बाथरूमच्या वर. काय बदलू?

सदाशिवपेठी

अहो, सोपं आहे. व्हॅक्यूमच्या पिशव्या मिळतात, त्यात कपडे घालायचे, व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून घ्यायची. हवाच नाही तर दमट होणार कसं? बाकीच्या पेट्यांत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. नसतील तर मूठभर कोरडे तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवा. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालू आहे आणि काहीही खराब झालेलं नाही.

जुनेर

तांदूळ नको हो, पोरकिडे होतील आणि ते मग पेटीभर फिरतील. पण आधी मूळ मुद्दा.

ताई, तुमच्या पेट्या चांगल्या आहेत हेच दुखणं आहे. रविवारी अजिबात भरू नका. भाद्रपदात मुंबई-ठाण्याच्या हवेत दमटपणा ८०-८५ टक्क्यांच्या घरात असतो, आणि तो हवेपेक्षा कापडात जास्त मुरलेला असतो. हिशोब करून बघा. चाळीस लिटरच्या पेटीतली हवा कितीही दमट असली तरी तिच्यात पाणी जेमतेम एक ग्रॅम. पण त्याच पेटीत दोन किलो सुती कापड असेल, तर हाताला कोरडं लागत असूनही त्यात भाद्रपदात साधारण २०० ग्रॅम पाणी असतं. तेच कापड कोरड्या हवेत ठेवलं तर सव्वाशे ग्रॅमवर येतं. म्हणजे रविवारी झाकण लावलंत की सत्तर-ऐंशी ग्रॅम जास्तीचं पाणी तुम्ही स्वतःच आत बंद केलंत. मग माळा तापला-निवला की ते पाणी कापडातून सुटतं आणि जरीवर, पितळेवर, दिव्यांच्या तारांवर जाऊन बसतं.

म्हणूनच बुटांच्या खोक्यातल्या पुड्यांनी काही होत नाही. पाच ग्रॅमची पुडी फार तर एक-सव्वा ग्रॅम पाणी धरते. तुमच्या पेटीला तीनशे ग्रॅम जेल लागेल, तेही झाकण खरंच हवाबंद असेल तर. त्यापेक्षा कापड आधी कोरडं करणं फुकटात होतं.

पाऊस परतला की ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडतं, तेव्हा भरायचं. कोजागरी ही खूण धरा. तोवर सगळं धुऊन, सुट्टं, सैल, हवेशीर ठेवायचं.

सदाशिवपेठी

म्हणजे महिनाभर घरात पसारा? सासूबाई काय म्हणतील ते मी इथे बसून सांगू शकतो.

डोंबिवलीची सून

@सदाशिवपेठी, सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दिवाळीपर्यंत गणपतीच ठेवायचा होता."

@जुनेर, पण कोरडं झालं हे कळणार कसं? हाताला तर आत्ताही सगळं कोरडंच लागतंय.

जुनेर

हाताला कळत नाही, म्हणून तर फसगत होते. घड्याळाएवढा आर्द्रतामापक मिळतो, दोनशे-चारशे रुपयांत. पेटी भरायची, तो आत ठेवून झाकण लावायचं आणि रात्रभर थांबायचं. सकाळी तो आकडा दाखवेल तो कापडाचा, खोलीतल्या हवेचा नव्हे, कारण बंद पेटीत कापड हवेला आपल्यासारखं करून घेतं. ६०च्या खाली असेल तर पेटी माळ्यावर जाऊ दे. ७०च्या वर असेल तर बुरशीचं आमंत्रण आहे, परत बाहेर काढा. मधला आकडा आला तर अजून एक-दोन दुपारी उन्हाजवळ ठेवा. स्वस्त यंत्र चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतं, पण आपल्याला तेवढं चालतं.

मांडववाला

लाइटचं मी सांगतो. परळला मंडळांची रोषणाई करतो, हजारो माळा दरवर्षी आत-बाहेर होतात.

ताई, तुमच्या माळा "अर्ध्या" लागतात याचा अर्थ मुख्य वायर बहुतेक ठीक आहे. घरच्या लाइटवर चालणाऱ्या माळेत दिव्यांचे गट असतात. एका गटातले दिवे एकामागे एक जोडलेले. त्यात एकाचाही पाय तुटला की तेवढा गट काळा, बाकीची माळ चालू. आणि पाय तुटतो कशाने? चुंबक लावून बघा, बऱ्याच दिव्यांचे पाय लोखंडाचे असतात, वरून नुसता मुलामा. दमट पेटीत वर्षभर राहिले की बुडाशी गंजतात. काढताना वायर जराशी ओढली गेली की तुटलंच.

प्लग काढून (काढूनच, यात मस्करी नाही, उघड्या पायात घरचा सगळा करंट असतो) बंद गटातले दिवे एकेक करून बघा. होल्डरमधून जो सैल हलतो किंवा ज्याच्या बुडाशी तांबूस-हिरवं दिसतं, तो गुन्हेगार. त्याच रंगाचा नवा दिवा टाकायचा, पाय उलटे झाले तर लागणार नाही. काही पोरं दिवा काढून वायरच जोडून टाकतात. एक काढला तर चालून जातं. तीन-चार काढले की उरलेल्यांवर जास्त करंट येतो आणि सणाच्या मधल्या दिवशी सगळा गट जातो.

आता गुंडाळायचं. कोपर आणि अंगठ्यात धरून दोरीसारखं गुंडाळतात ना, ते बंद करा. प्रत्येक वेढ्याला वायर पिळली जाते आणि पीळ दिव्याच्या पायावर येतो. पुठ्ठ्याचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा. माळेच्या शेपटाकडून सुरुवात करायची म्हणजे प्लग सगळ्यात शेवटी वर राहतो. पुढच्या वर्षी न उलगडता प्लग लावून मिनिटभर बघता येतं. मिनिटभरच. गुंडाळलेली माळ तासभर चालू ठेवली तर आत गरमी साठते. पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: कुठली, किती लांब, कुठे लावली होती.

आणि एक सांगा, माळा कशात ठेवल्या होत्या?

डोंबिवलीची सून

मिक्सरच्या खोक्यातले थर्माकोलचे साचे होते, त्यात. मऊ असतं म्हणून.

मांडववाला

वाटलंच. वायर थर्माकोलला चिकटली होती का? वायरच्या आकाराचे खड्डे पडले असतील बघा.

डोंबिवलीची सून

हो! एका माळेला पांढरं काहीतरी वितळून लागलंय. मला वाटलं उष्णतेने झालं.

मांडववाला

उष्णता नाही. वायरचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात. ते हळूहळू बाहेर येतं आणि थर्माकोल खातं. वायर मग चिकट होते आणि काही दिवसांनी कडक. जिथे कडक झालीय तिथे वाकवून बघा. चीर दिसली तर ती माळ टाकून द्या, टेप लावत बसू नका. वायर आणि थर्माकोल एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, पुठ्ठा किंवा कापडी पिशवी बरी.

आजोबा ७२

आमचेकडे पंचधातूची मूर्ती आहे, ती आम्ही विसर्जित करीत नाही, फक्त सुपारीचे विसर्जन करतो. ती वर्षभर देव्हाऱ्यात ठेवावी की पेटीत, यावर घरात मतभेद आहेत. कृपया शास्त्र काय सांगते ते कळवावे.

जुनेर

आजोबा, शास्त्राचं गुरुजींना विचारा, इथे सामानाचं चाललंय. धातूचं मात्र सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल आणि मुखवट्यांनाही.

पितळ हिरवं होतं ते बहुतेक वेळा चिंच-मिठाने लख्ख घासून नीट न धुतल्यामुळे. मीठ कोरीवकामाच्या खाचांत बसतं, हवेतलं पाणी ओढतं आणि तिथून हिरवं सुरू होतं. मुखवट्याच्या हनुवटीखाली आणि नथीच्या भोकापाशी आधी दिसतं, कारण तिथे पाणी पोचत नाही. घासल्यावर साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा, मऊ ब्रशने खाचांतून, मग लगेच पुसून उन्हात चांगलं गरम होईपर्यंत ठेवा. तेलाचा हात फिरवू नका. तेल चिकट होतं, धूळ धरतं, आणि वर्षभरात त्यानेही हिरवं येतं. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. वर्तमानपत्रात नको.

मुखवटा रंगवलेला असेल, शाडूचा किंवा प्लास्टरचा, तर त्याला पाणीच नको. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची. आणि फुग्यांचं प्लास्टिक थेट गुंडाळायचं नाही, उन्हाळ्यात ते रंगाला चिकटतं आणि गालावर गोल गोल ठसे उमटतात. आधी मलमल, मग हवं ते. डोक्याच्या बाजूला कापडाची चुंबळ द्या म्हणजे नाकावर भार येणार नाही.

कोकणी फणस

डांबराच्या गोळ्यांबरोबर कापराच्या वड्याही टाका. दोन्हींनी मिळून कसर लागत नाही आणि वासही बरा येतो. आई असंच करायची.

जुनेर

दोन्ही एकत्र नको! कापूर आणि डांबराची गोळी एकमेकांना लागल्या की वितळण्याचं तापमान खूप खाली येतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन्हींचं पाणी होतं आणि कापडावर तेलकट डाग पडतो. एक काहीतरी निवडा. शिवाय डांबराच्या वाफेने थर्माकोल आणि काही ठिसूळ प्लास्टिकचे मणी मऊ पडतात, तोरणं चिकटलेली निघतात ती त्यामुळे. मी तोरणांच्या पेटीत काहीच टाकत नाही.

तसंही कसर येते ती कांजीला आणि खाण्याच्या डागांना. सुती पडद्यांची कांजी धुऊन काढा आणि इस्त्री न करता ठेवा, कांजी-इस्त्री पुढच्या वर्षी वापरायच्या आदल्या दिवशी. पंचामृत, तूप, मोदकाचं सारण यांचे शिंतोडे आत्ता दिसत नाहीत, सहा महिन्यांनी पिवळे होऊन वर येतात.

लाडूवाली काकू

हळदीचं काय करायचं गं? क्रीम रंगाचं सॅटिन आहे, गौरी जेवल्या त्या दिवशी हळदीचं बोट पुसलं गेलं. साबण लावला तर लालभडक झालं, हातच गार पडले.

जुनेर

काकू, घाबरू नका, हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. भरपूर पाण्याने साबण निघाला की परत पिवळी होते. कुंकू लाल दिसतं तेही बऱ्याचदा याच कारणाने, हळदीला चुना लावून केलेलं असतं ते. आता ते सॅटिन ओलंच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन दुपारी उडून जाईल. तुमचं सॅटिन पॉलिएस्टरचं असणार, म्हणून चालेल. खऱ्या रेशमाला हा उपाय करू नका, रेशीम उन्हात स्वतःच पिवळं पडतं.

आणि @डोंबिवलीची सून, रबरबँडचं राहिलं. रबरात गंधक असतं. जरीतलं चांदी-तांबं गंधकाने काळं पडतं, म्हणून बरोबर तेवढाच पट्टा. तो आता जाणार नाही. घासून काढायला गेलात तर वरचा मुलामाच निघेल. पुढे सुती नाडी बांधा. जरीचा काठ घडी घालून ठेवायचाच नाही, कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून घ्या, तिच्यावर मलमल गुंडाळा आणि जर बाहेरच्या बाजूला ठेवून पडदा सैल गुंडाळा. घडीच घालायची झाली तर दरवर्षी वेगळ्या जागी घाला.

सदाशिवपेठी

माझ्या व्हॅक्यूमच्या पिशवीबद्दल कोणी बोललंच नाही.

जुनेर

साध्या पॉलिएस्टरच्या पडद्यांना चांगली आहे. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे आत बंद होण्यासारखं काही नसतं. तुमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं ते यामुळे, आणि पुण्याची हवा डोंबिवलीइतकी दमट नाही म्हणूनही. पण जर, मखमल आणि कापडी फुलं त्यात दाबली जातात. मखमलीची लव एकदा मोडली की वाफ देऊनही पूर्ण उठत नाही.

सदाशिवपेठी

मान्य आहे असं म्हणणार नाही, पण मखमल काढून घेतो.

टोरांटोकर

इथे उलटं. दिवाळीला बाहेर लावलेल्या माळा आम्ही ख्रिसमस झाल्यावर जानेवारीत उतरवतो. उणे पंधरामध्ये वायर काठीसारखी कडक असते, लगेच गुंडाळली की तडकते. आधी घरात आणून दोन-तीन तास नुसती पसरून ठेवायची, मऊ झाली की मग गुंडाळायची. दमटपणाचं टेन्शन हिवाळ्यात नाही, पण तळघरात उन्हाळ्यात असतंच.

डोंबिवलीची सून

पणत्यांचं कोणी सांगता का? त्या पांढऱ्या पिठाचं काय करू? कुठे वाचलं की खायचा सोडा लावा.

मांडववाला

सेल कुठला त्यावर आहे. रिमोटमध्ये टाकतो तो साधा स्वस्त सेल फुटला तर आतलं आंबट असतं, त्याला सोडा चालतो. पण "अल्कलाइन" लिहिलेला सेल असेल तर पांढरं पीठ अल्कली जातीचं असतं, त्याला सोडा लावून काही होत नाही. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या काडीवर घ्यायचं, जरासं फसफसेल, मग पाण्याच्या ओल्या काडीने पुसून पूर्ण सुकवायचं. हातमोजे घाला, ते पीठ कातडीला लागतं. स्प्रिंग गंजून बारीक झाली असेल तर ती पणती गेली.

पुढच्या वेळी दिवा विझवला की सेल बाहेर. चपटे बटन सेल काढलेत की डबीत घालून उंच ठेवा, घरात लहान मूल असेल तर ते गिळण्याची भीती असते.

माटोळी

गोंयांतून नमस्कार. आमची माटोळी ताजी फळं-पानांची, ती काय ठेवायची नाही. पण लाकडी चौकट आणि बांबूचा आकाशकंदील वर्षभर ठेवतो, आणि कामट्यांतून पिठासारखी पावडर पडते. उन्हात ठेवून झालं, तरी पुन्हा पडते. उपाय आहे का कोणाकडे?

कोकणी फणस

आमच्याकडे पण हेच. @जुनेर, एक शंका. तुम्ही बंद पेटी म्हणता. आईची पत्र्याची ट्रंक आहे, ती काही हवाबंद नाही, झाकण नीट बसतच नाही. आत सुती गाठोड्यात जरीचं सगळं, आणि रत्नागिरीतला पाऊस तुम्हाला माहीत आहे. तरी जर काळी नाही. मग पेटी बंद हवी की मोकळी?

जुनेर

ट्रंक ठेवायची कुठे? स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर ना? खाली चूल पेटत असायची, तो माळा पावसातही ऊबदार आणि कोरडा राहायचा.

कोकणी फणस

चूल जाऊन बरीच वर्षं झाली, आता गॅस आहे. ट्रंक तिथेच. तरी जर चांगली.

जुनेर

मग जर खऱ्या चांगल्या प्रतीची असेल, किंवा गाठोड्याचे आठ-दहा थर पावसाची चढ-उतार सोसून घेत असतील. रेशीम प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद करावं का, यावर माझंही मन पक्कं नाही. पूर्ण कोरडं असेल तर बंद पेटी चांगली, जरा शंका असेल तर गाठोडं बरं. तुम्ही ट्रंक बदलू नका.

डोंबिवलीची सून

उशिरा लिहितेय, कोजागरी होऊन आठवडा झाला. आर्द्रतामापक आणला. विसर्जनानंतरच्या रविवारी हट्टाने एक पेटी भरून बघितली होती, सकाळी आकडा ७९. काल तीच पेटी, तेच कापड, दोन दुपारी बाल्कनीत टाकून: ५७. पडदे नळीवर गेले, माळा पुठ्ठ्यावर, पेट्या आता बेडच्या खाली, बाथरूमच्या वर नाहीत. मुखवट्यांच्या पेटीत मात्र ६६ येतोय आणि कळत नाही का, आत धातूच आहे.

जुनेर

गौरींचे हात-पाय, कोथळे कापसाने भरलेले आहेत का? तेही त्याच पेटीत असतील.

डोंबिवलीची सून

आहेत! त्याच पेटीत.

जुनेर

मग ते पाणी त्या कापसात आहे. कोथळे बाहेर काढा. जाड भरलेला कापूस आतपर्यंत सुकायला चार-पाच दिवस कडक ऊन लागतं, उलटेसुलटे करून. मुखवटे तेवढ्यात वेगळे भरून टाका.

मांडववाला

आणि मे महिन्याच्या शेवटी एकदा उघडा. पाऊस सुरू व्हायच्या आत माळा मिनिटभर लावून बघा. दिवा बदलायचा तर तेव्हा दुकानदाराला वेळ असतो, गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो तुमच्याकडे बघणार पण नाही.

सदाशिवपेठी

मीही मेमध्येच पिशव्या उघडून आत मापक ठेवतो आणि आकडा इथे टाकतो. साठच्या खाली आला तर जुनेरबाईंनी या धाग्यावर लेखी माघार घ्यायची.